जाळीचा गुणाकार : बेरीज तिरकीच का करायची?

अमळनेरकर

पाचवीच्या मुलांना जाळीचा गुणाकार शिकवताना अडणारी गोष्ट इथे मांडतो. रीत सोपी आहे. गुण्य वर आडवं लिहायचं, गुणक उजव्या बाजूला वरून खाली लिहायचा. जितके अंक तितके रकाने आणि ओळी. प्रत्येक चौकोनात वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे तिरकी रेघ. चौकोनात पाढ्यातला गुणाकार भरायचा, दशक रेघेच्या डावीकडे वर आणि एकक उजवीकडे खाली. सगळी जाळी भरली की उजव्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करून तिरक्या पट्ट्यांची बेरीज करायची, हातचा पुढच्या पट्ट्यात न्यायचा.

मुलं हे पटकन उचलतात. पण एखादं मूल विचारतंच की बेरीज तिरकी का? आपण नेहमी उभी करतो, मग इथे उभी केली तर काय बिघडेल? "पद्धतच तशी आहे" हे उत्तर मला द्यायचं नाही. पाचवीच्या मुलाला पटेल असं कारण हवं आहे. आणि उत्तर चुकलं तर जाळीत नेमकं कुठे बघायचं, तेही सांगा.

---

भुसावळ_जंक्शन

एका तिरक्या पट्ट्यात सगळे अंक एकाच स्थानाचे असतात. एककाखाली एकक, दशकाखाली दशक, तसंच हे. फक्त तिरकं.

---

अमळनेरकर

ते खरंच आहे, पण प्रश्न तिथेच सुरू होतो. एकाच स्थानाचे अंक एकाच पट्ट्यात का येऊन बसतात? आपण तर चौकोनात नुसता पाढा लिहिला, स्थान कुठेच लिहिलं नाही.

---

गिरणाकाठ

एक उदाहरण घेऊन बोलू, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच जाळी राहील. ४८६ गुणिले ३७.

```
     ४     ८     ६
    १/२   २/४   १/८    ३
    २/८   ५/६   ४/२    ७
```

आधी उत्तर काढू. उजव्या खालच्या टोकाला एकटा २. पुढच्या पट्ट्यात ४२ मधला ४, ५६ मधला ६ आणि वरच्या ओळीतल्या १८ मधला ८. झाले १८, म्हणून ८ लिहून हातचा १. त्यापुढच्या पट्ट्यात ५६ मधला ५, २८ मधला ८, १८ मधला १ आणि २४ मधला ४. हे १८ आणि हातचा १ मिळून १९, म्हणजे ९ लिहून पुन्हा हातचा १. चौथ्या पट्ट्यात २८ चा २, २४ चा २ आणि १२ चा २. सहा आणि हातचा एक, सात. शेवटी वरच्या डाव्या टोकाला १. डाव्या कडेने वरून खाली आणि मग तळाला डावीकडून उजवीकडे वाचा : १७९८२.

आता कारण. ५६ हा चौकोन बघा. तो ८ च्या रकान्यात आणि ७ च्या ओळीत आहे. पण तो ८ म्हणजे ऐंशी, आणि ७ म्हणजे सात. म्हणून तो ५६ नसून ५६ दशक आहे. त्याच्या वर उजवीकडे तिरकं गेलं की १८ चा चौकोन लागतो. तिथे ६ म्हणजे सहाच, पण ३ म्हणजे तीस. म्हणून तोही १८ दशकच. रकाना उजवीकडे सरकला तेव्हा गुण्याची किंमत एका स्थानाने उतरली, आणि ओळ वर सरकली तेव्हा गुणकाची किंमत एका स्थानाने चढली. एक उतरलं, एक चढलं, एकूण स्थान तेच राहिलं. उजवीकडे एक घर आणि वर एक घर, ही चाल म्हणजेच तिरकी चाल. जाळीत स्थान न बदलता सरकायची दुसरी वाट नाही. नुसतं खाली गेलात तर स्थान एकाने घटतं, नुसतं डावीकडे गेलात तर एकाने वाढतं.

उभी बेरीज का चालत नाही, ते यातूनच निघतं. ८ च्या रकान्यात वर २४ आहे आणि खाली ५६. २४ शतकांचे आणि ५६ दशकांचे. उभी बेरीज म्हणजे शतकात दशक मिसळणं.

---

नंदुरबार_पाचवी_ब

हे चौकोनापुरतं पटलं. पण चौकोनाच्या आतली रेघ? ५६ मधला ५ एका पट्ट्यात आणि ६ दुसऱ्या पट्ट्यात जातो, तो बरोबर शेजारच्याच पट्ट्यात कसा जातो? मुलं तिथेच अडतात.

---

गिरणाकाठ

५६ दशक म्हणजे ५ शतक आणि ६ दशक. तेव्हा ५ ला एक स्थान वर जायलाच हवं. रेघेच्या डावीकडे वर बसवला की तो नेमका वरच्या स्थानाच्या पट्ट्यात पडतो.

हे तपासायचं असेल तर चौकोनांच्या कडांवर बोट ठेवा. ५६ चा ६ खालच्या उजव्या त्रिकोणात आहे. त्या त्रिकोणाची उजवी कड ओलांडली की ४२ च्या चौकोनाचा वरचा डावा त्रिकोण लागतो, त्यात ४. हा ४ म्हणजे ४२ एककांतले ४ दशक. ६ ही दशक, ४ ही दशक. आता ६ च्या जागी १८ चा ८ घ्या आणि खालची कड ओलांडा. पुन्हा तोच ४. म्हणजे कड कुठलीही ओलांडा, रेघ ओलांडू नका, स्थान बदलत नाही. रेघ ओलांडली की स्थान एका पायरीने बदलतं.

मुलांना पट्टा रंगवायला सांगा. एका पट्ट्याला एकच रंग, आणि टोकाला बाहेर "ए, द, श, ह, दह" लिहायचं. रंगवताना बोट कुठली कड ओलांडतं हे त्यांनाच दिसतं.

---

धुळेकर_७२

रेघ कुठल्या बाजूने काढायची याचा लोक उगाच बाऊ करतात. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे काढली तरी चालते. दशक खाली डावीकडे, एकक वर उजवीकडे लिहायचा. उत्तर डाव्या कडेने खालून वर आणि मग माथ्यावरून उजवीकडे वाचायचं. ५८ गुणिले ४४ करून पाहिलं, २५५२ बरोबर आलं. दिशा महत्त्वाची नाही, पट्टे महत्त्वाचे.

---

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी. धागा वाचला, पण हे हिशोबाला लावायचं कसं ते कोणी सांगेना. माल ३४.६ क्विंटल, भाव १२७५ रुपये क्विंटल धरा. आता यात टिंब कुठे जाणार? टिंब काढून ३४६ धरलं तर शेवटी किती घरं मोजायची ते डोक्यात ठेवावं लागतं. तुमच्या जाळीला टिंब समजतं का? मोबाईल आहे खिशात, ते माहीत आहे. तरी विचारतो.

---

तापीकाठ

@धुळेकर_७२, तुमच्या उदाहरणाने तुम्हाला साथ दिली, कारण गुणक ४४ आहे. वरून वाचा नाहीतर खालून, तो ४४ च. आता तीच रेघ ठेवून ५८ गुणिले ४७ करा. ४२९२ येईल. खरं उत्तर २७२६. आणि ४२९२ म्हणजे ५८ गुणिले ७४.

हे का होतं ते गिरणाकाठ यांनी वर लिहिलेल्या चालीतून दिसतं. तुमची रेघ उजवीकडे एक घर आणि खाली एक घर अशी जाते. उजवीकडे गेलं की गुण्याचं स्थान उतरतं. म्हणजे खाली जाताना गुणकाचं स्थान चढायला हवं, तरच बरोबरी होईल. पण गुणक वरून खाली लिहिलाय, तोही उतरतो. एका पट्ट्यात मग शतक आणि एकक शेजारी बसतात. जाळीला हे कळत नाही, ती गुणक उलटा समजून मुकाट्याने उत्तर देते.

---

धुळेकर_७२

मग गुणक खालून वर लिहायचा. रेघ उलटी, गुणकही उलटा. ४७ चा ४ खाली, ७ वर. आता २७२६ येतं, करून पाहिलं. म्हणजे दिशा बदलता येते हे माझं म्हणणं उभंच आहे.

---

तापीकाठ

तसं म्हणाल तर हो. रेघ आणि गुणक, दोन्ही एकत्र फिरवता येतात. एकच फिरवलं तर घोटाळा. जुन्या पुस्तकांतही जाळ्या दोन्ही बाजूंनी तिरप्या सापडतात. १४७८ मध्ये इटलीत त्रेव्हिसो इथे छापलेल्या अंकगणिताच्या पुस्तकातही जाळीचा गुणाकार आहे. पण वर्गात एकच दिशा पक्की ठेवावी, एवढंच माझं म्हणणं. एका बाकावर दोन मुलं दोन दिशांनी रेघा काढायला लागली तर वह्या तपासणाऱ्याचा जीव जाईल.

---

गिरणाकाठ

@केळीवाला_रावेर, जाळीला टिंब समजतं, आणि ही तिची सगळ्यात देखणी बाजू आहे. वर ३४.६ लिहा, टिंब ४ आणि ६ च्या मधल्या उभ्या रेघेवर ठेवा. बाजूला १२७५ वरून खाली लिहा. त्यात टिंब नाही, म्हणजे ते ५ च्या खाली, तळाच्या रेघेवर आहे असं समजा. आता वरच्या टिंबावरून उभ्या रेघेने खाली उतरा आणि बाजूच्या टिंबावरून आडव्या रेघेने डावीकडे जा. दोन्ही जिथे भेटतात तिथून तिरक्या रेघेने डावीकडे खाली घसरत जाळीच्या बाहेर या. तिथे उत्तराचं टिंब.

तुमच्या उदाहरणात ती भेट तळाच्या कडेवरच होते, घसरायला जागाच नाही. म्हणून टिंब तळाच्या शेवटच्या अंकाच्या आधी बसतं. जाळी अशी :

```
     ३     ४  .  ६
    ०/३   ०/४   ०/६    १
    ०/६   ०/८   १/२    २
    २/१   २/८   ४/२    ७
    १/५   २/०   ३/०    ५
```

पट्टे उजवीकडून : ०, मग ५, मग २१ म्हणून १ हातचे २, मग १९ आणि २ मिळून २१ म्हणून पुन्हा १ हातचे २, मग १२ आणि २ मिळून १४ म्हणून ४ हातचा १, मग ३ आणि १ मिळून ४, शेवटी ०. वाचून ०४४११५.० म्हणजे ४४,११५ रुपये.

कारण तेच. चार आणि सहाच्या मधली रेघ म्हणजे एकक आणि दशांश यांची सीमा. गुणकाची सीमा तळाला. दोन सीमा जिथे छेदतात, त्या बिंदूतून जाणारी तिरकी रेघ उत्तरातल्या एककाचा पट्टा आणि दशांशाचा पट्टा वेगळे करते. घरं मोजायची गरज उरत नाही.

---

केळीवाला_रावेर

हाई मले समजनं. टिंब घसरत जातं, बस.

---

पाटणादेवी

आपल्या भागात हा विषय निघाला आणि भास्कराचार्यांचं नाव आलं नाही, याचं नवल वाटलं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात शिलालेख आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला १२०७ साली दान मिळालं, त्याचा तो लेख. जाळीची ही रीत लीलावतीतलीच, म्हणजे आपल्याच खान्देशातली.

---

तापीकाठ

शिलालेखाचं बरोबर आहे. पण रीत लीलावतीतली, असं म्हणू नये. ११५० च्या लीलावतीत गुणाकाराच्या रीती दिल्या आहेत, गुणकाचे तुकडे पाडून गुणणं, स्थानांप्रमाणे गुणणं वगैरे. त्यात ही जाळी नाही. ती येते लीलावतीवरच्या टीकेत. गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये बुद्धिविलासिनी लिहिली, तिच्यात. तोवर अरबी लेखकांकडे आणि युरोपात जाळी रुळलेली होती. कोणाकडून कोणाकडे गेली हे इथे बसून ठरणार नाही.

---

पाटणादेवी

टीका असली तरी ती लीलावतीवरचीच ना. नातं राहतंच.

---

चोपड्याचा_वाणी

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. उत्तर तपासायला नऊ काढायची जुनी रीत वापरा. ४८६ चे अंक मिळवा, १८, पुन्हा मिळवा, ९, म्हणजे शून्य. शून्याला काहीही गुणा, शून्यच. उत्तर १७९८२, अंकांची बेरीज २७, म्हणजे शून्य. जुळलं. दहा सेकंदांत काम. मुनीम लोक वर्षानुवर्षं हेच करत आले.

---

गिरणाकाठ

नऊ काढणं चांगलं, पण जाळीतल्या सगळ्यात नेहमीच्या चुकांना ते आंधळं आहे. हे जरा सविस्तर लिहितो, कारण अनेक जण इथे फसतात.

जाळीत मुलं तीन प्रकारे चुकतात. पाढा चुकतो, बेरीज किंवा हातचा चुकतो, किंवा अंक चुकीच्या पट्ट्यात पडतो. पहिले दोन प्रकार नऊ काढून बहुतेक वेळा पकडले जातात. तिसरा कधीच पकडला जात नाही. कारण ५ हा अंक शतकात असो की दशकात, अंकांची बेरीज करताना तो ५ च मोजला जातो. नऊ काढणं म्हणजे स्थान विसरून नुसते अंक मोजणं. आणि जाळीतली चूक बहुतेक वेळा स्थानाचीच असते.

गुणक खालून वर लिहिला पण रेघ नेहमीचीच ठेवली, तर आपल्या जाळीत ४८६ गुणिले ७३ होऊन ३५४७८ येतं. त्याच्या अंकांची बेरीज २७. नऊ काढणारा म्हणेल, जुळलं. उत्तर दुप्पट झालं तरी त्याला पत्ता नाही. ४२ लिहिताना २ वर आणि ४ खाली पडला, तरी तसंच. ६ असा एकच अंक आला आणि तो वरच्या त्रिकोणात बसला, म्हणजे ६ चा ६० झाला, तरीही तसंच.

म्हणून अकरा काढा. एककापासून सुरू करून अंक आळीपाळीने मिळवत आणि वजा करत जायचं. ४८६ चे ६ वजा ८ अधिक ४, म्हणजे २. ३७ चे ७ वजा ३, म्हणजे ४. गुणाकार ८. आता १७९८२ : २ वजा ८ अधिक ९ वजा ७ अधिक १, येतात उणे ३. त्यात ११ मिळवले की ८. जुळलं. ३५४७८ ला हेच केलं तर ३ येतात. आठ हवे होते. चूक उघडी पडली.

अंक एका पट्ट्याने सरकला की आळीपाळीत त्याचं चिन्ह बदलतं, म्हणून अकराला कळतं. पण तो दोन पट्ट्यांनी सरकला, तर चिन्ह पुन्हा तेच, आणि अकरालाही कळत नाही. तिथे ढोबळ अंदाज कामाला येतो. ४८६ म्हणजे जवळपास ५००, ३७ म्हणजे ४०, उत्तर वीस हजाराच्या आसपास आणि थोडं कमी.

---

चोपड्याचा_वाणी

मुनीम जाळी वापरत नव्हते, उभा गुणाकार करत होते. तिथे अंक असा सरकत नाही.

---

गिरणाकाठ

सरकतो की. दुसरी ओळ लिहिताना एककाखालची फुली मारायची राहिली, की सगळी ओळ एका घराने सरकते. ४८६ गुणिले ३७ मध्ये ३४०२ खाली १४५८ सरळ मांडून बेरीज केली की ४८६०. नऊ काढा, शून्य. इथेही आंधळंच.

आणि यातूनच जाळी काय करते ते कळतं. जाळीतली ७ ची ओळ एकटी घ्या, २/८, ५/६, ४/२. तिचेच तिरके पट्टे मिळवले की ३४०२. वरची ३ ची ओळ एकटी मिळवली की १४५८. म्हणजे उभ्या गुणाकारातल्या दोन ओळी जाळीत आहेतच. तिथे दुसरी ओळ आपण फुली मारून डावीकडे सरकवतो. इथे ओळ जागेवरच राहते, बेरजेची वाट तिरपी होते. ते सरकवण्याचं काम तिरकी रेघ करते.

---

भुसावळ_जंक्शन

ही फुलीची गोष्ट आधीच सांगायला हवी होती! आता जाळी आणि उभा गुणाकार एकाच घरचे वाटायला लागले.

---

नंदुरबार_पाचवी_ब

वह्या तपासताना हमखास दिसणाऱ्या दोन चुका लिहिते. दोन्ही हातच्याच्या आणि शून्याच्या.

पहिली, कोपऱ्यावरचा हातचा. तळाची बेरीज संपते आणि पुढचा पट्टा डाव्या कडेला निघतो. बोट तळावरून वळून डावीकडे वर जातं, तिथे हातचा सुटतो. वरच्या उदाहरणात तिसऱ्या पट्ट्याचे १९ झाले, त्यातला १ कोपरा वळून ७ च्या घरी जायला हवा. तो सुटला की १६९८२ येतं. म्हणून हातचा जाळीच्या आत लिहायचाच नाही, पुढच्या पट्ट्याच्या बाहेरच्या टोकाशी बारीक लिहायचा. आत त्रिकोणात लिहिला की तो पाढ्याच्या अंकात मिसळतो आणि दोनदा मोजला जातो.

दुसरी, शून्याचा रकाना. ४०५ गुणिले २७ मध्ये काही मुलं "शून्याने काय गुणायचं" म्हणून मधला रकानाच काढत नाहीत. मग ४५ गुणिले २७ होऊन १२१५ येतं, खरं १०९३५. रकाना काढायचा आणि ०/० भरायचा. रिकाम्या रकान्याचं काम फक्त पट्टे लांब ठेवणं, पण त्याशिवाय चालत नाही.

---

अमळनेरकर

@नंदुरबार_पाचवी_ब, हातचा कधी दोन अंकी होतो का? मुलं विचारतात आणि बाहेर लिहायला जागा किती ठेवायची तेही ठरवता येत नाही.

---

तापीकाठ

शाळेतल्या उदाहरणांत होत नाही. दोन संख्यांपैकी लहानीत पाच किंवा कमी अंक असतील, तर हातचा नेहमी एकाच अंकाचा. एका पट्ट्यात फार तर पाच एकक आणि पाच दशक येतात. एककाचा अंक जास्तीत जास्त ९, आणि दशकाचा ८, कारण ९ गुणिले ९ म्हणजे ८१. पाच नव्वे पंचेचाळीस, पाच आठे चाळीस, मिळून ८५. त्यात आधीचा हातचा ९ धरला तरी ९४. शंभर होतच नाही. एका अंकाची जागा पुरे.

---

सातपुडा_मास्तर

मला एक मूलभूत हरकत आहे. जाळीत मूल आठ साते छप्पन्न लिहितं, ऐंशी साते पाचशे साठ असं कधीच म्हणत नाही. उत्तर बरोबर येतं आणि स्थान डोक्यात येतच नाही. अमळनेरकरांच्या मुलाला प्रश्न पडला, हेच त्याचं लक्षण. म्हणून जाळी आधी शिकवू नये. आधी चौकट करावी, पूर्ण किमतींची. वर ४००, ८०, ६ लिहा, बाजूला ३० आणि ७. चौकोनांत १२०००, २४००, १८० आणि खाली २८००, ५६०, ४२. सगळं मिळवलं की १७९८२. इथे रेघ नको, तिरकं काही नको.

---

अमळनेरकर

थांबा, ही चौकट आणि जाळी शेजारी ठेवली तर? प्रत्येक चौकोनातून गुण्याची आणि गुणकाची शून्यं काढून टाकली की जाळीचेच अंक उरतात. १२००० चे १२, २४०० चे २४, १८० चे १८.

---

सातपुडा_मास्तर

बरोबर. आणि किती शून्यं काढली ते प्रत्येक चौकोनात लिहा. वरच्या ओळीत ३, २, १. खालच्या ओळीत २, १, ०. आता वाचा, समान आकडे कुठे आहेत? वरचे २ आणि खालचे २ तिरके. वरचा १ आणि खालचा १ तिरका. पाचवीच्या मुलाला तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच द्या. ज्या चौकोनांतून सारखीच शून्यं काढली, ते एकाच तिरक्या रांगेत बसतात. गिरणाकाठ यांची चढउतार हीच आहे, फक्त मुलाला ती शून्यांत मोजता येते.

एक खबरदारी. ८० गुणिले ५० असं आलं की ४००० मध्ये तीन शून्यं दिसतात, पण काढायची दोनच, एक ८० चं आणि एक ५० चं. तिसरं आठ पाचे चाळीसमधलं आहे, ते चौकोनातच राहतं, ४/० म्हणून. मूल तीनही काढून टाकतं आणि रांग बिघडते. म्हणून उत्तरातली शून्यं मोजू नका, वरच्या आणि बाजूच्या संख्येतली मोजा.

---

गिरणाकाठ

हे पाचवीसाठी माझ्या चढउतारीपेक्षा बरं आहे. पण जाळी नंतरच शिकवावी, हे पटत नाही. जाळीत गुणाकार करताना हातचा नसतो, तो फक्त बेरजेत येतो. उभ्या गुणाकारात मूल सात सक बेचाळीस म्हणून चार हातचे डोक्यात ठेवतं, मग सात आठे छप्पन्न आणि चार साठ. दोन कामं एकदम. ज्या मुलाला पाढे येतात पण हातचा सांभाळता येत नाही, त्याला जाळीत चौकोन कुठल्याही क्रमाने भरता येतात. येणारे पाढे आधी, अडणारे नंतर.

---

सातपुडा_मास्तर

आणि चार अंकी गुणिले तीन अंकी आलं की बारा चौकोन, बारा रेघा. परीक्षेत जाळी आखण्यातच वेळ जातो. शिवाय वाकडी जाळी आखली की पट्टा कुठून कुठे जातो तेच कळत नाही.

---

नंदुरबार_पाचवी_ब

वाकडी जाळी हा खरा त्रास आहे. त्यावर उपाय चौकटीची वही. दोन चौकटी गुणिले दोन चौकटी मिळून जाळीचा एक चौकोन धरायचा, म्हणजे तिरकी रेघ छापील कोपऱ्यांतूनच जाते आणि दोन्ही त्रिकोणांत अंक मावतो. रेघ चौकोनात थांबवायची नाही, जाळीच्या बाहेर बोटभर लांबवायची. त्या लांबवलेल्या दोन रेघांमध्ये उत्तराचा अंक आणि हातचा दोन्ही बसतात.

---

केळीवाला_रावेर

भाऊ, १२७५ च्या जागी १२७५.५० भाव लावला तर दोन टिंबं येतील. तेव्हा ते खरंच घसरेल ना?

---

गिरणाकाठ

घसरेल. ७५ च्या खाली आणखी दोन ओळी येतील, ५ आणि ०. आडवी रेघ त्यांच्या वरून जाईल, भेट जाळीच्या आत होईल, आणि तिथून दोन चौकोन तिरकं घसरून टिंब जाळीच्या डाव्या खालच्या बाजूला निघेल. ० ची ओळ गाळलीत तर एकच चौकोन घसरेल आणि उत्तर तेच येईल. करून इथे टाका, तिरक्या वाटेवर बोट ठेवूनच करा.